सहा चौकटींत आमची गोष्ट

लग्नाची वेबसाइट करायची, हे माझ्या डोक्यातलं नव्हतं. होणाऱ्या नवऱ्याच्या डोक्यातलं होतं. तो पुण्याला नोकरीत, मी वर्ध्याला पिपरी मेघेत आईबाबांकडे, शाळेत मराठी शिकवणारी. त्याच्या ऑफिसातल्या दोघातिघांनी अशी पानं केली होती. त्यात लग्नाची तारीख, हॉलचा नकाशा, येणार की नाही ते कळवायचा फॉर्म आणि सगळ्यांत वर 'आमची गोष्ट'. मी म्हटलं, आपल्याकडे पत्रिका घरोघर नेऊन दिली नाही तर माणसं रुसतात, हे कोण वाचणार? तो म्हणाला, "तुले लिहाची हौस आहे ना, मंग लिही." मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला एवढं पुरतं.

पान तयार करणारी बाई नागपूरची होती. लग्नांच्या वेबसाइटी करणं हाच तिचा धंदा. तिने आम्हाला एक नमुना पाठवला. गोष्टीसाठी सहा चौकटी होत्या, प्रत्येकीत एक फोटो आणि खाली चार-पाच ओळी. पहिली भेट, मैत्री, प्रेम, प्रपोजल, घरच्यांचा होकार, साखरपुडा. चौकटी बदलता येतील, पण वाढवू नका, असं तिने बजावलं. "ताई, लोक मोबाइलवर वाचतात. अंगठा दोनदा वर सरकला की संपलं. त्याच्या पुढचं तुमच्या आईशिवाय कोणी वाचत नाही."

मला तिचा राग आला नाही, उलट पटलं. मी दहावीच्या मुलांना सारांशलेखन शिकवते. उताऱ्याचा एक तृतीयांश करा, फापटपसारा काढा, मुख्य मुद्दा सोडू नका, असं दर वर्षी घसा फोडून सांगते. माझी स्वतःची सात वर्षं सहा चौकटींत बसवणं मला काय जड जाणार होतं?

तरी पहिला खर्डा लांबलाच. लांबला तो माझ्या मैत्रिणीमुळे.

त्याचं घर रोहण्याचं, पिढीजात शेती. आम्ही बौद्ध, बाबा सरकारी ऑफिसातून निवृत्त झालेले. एवढं सांगितलं की आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. कॉलेजात असताना आम्ही दोघं कुठे एकटे बसलो असतो तर संध्याकाळपर्यंत बातमी घरी पोचली असती. म्हणून मैत्रीण सोबत यायची. ती माझ्याच वर्गातली, सेलूकडच्या शेतकरी घरातली, मोठ्याने हसणारी. दोन मुली आणि एक मुलगा दिसले की लोकांना ते कॉलेजचं टोळकं वाटतं, एक मुलगी आणि एक मुलगा दिसले की तेच लोक डोळे बारीक करतात. कॅन्टीनला ती, झेरॉक्सच्या दुकानात ती, बसस्टँडवर ती. आमची भांडणंसुद्धा तिच्यासमोर झाली आणि तिनेच मिटवली. आमच्या गोष्टीतलं असं एक पान नव्हतं ज्यात ती नव्हती.

खर्डा वाचून तो फोनवर म्हणाला, "मस्त आहे. पण ही गोष्ट कोणाची आहे?"

मी हसले. नागपूरच्या बाईनेही तेच सांगितलं, जरा नीट समजावून. दोघांच्या गोष्टीत तिसरं माणूस आलं की वाचणारा थबकतो, ही कोण म्हणून. मग एकतर तिची ओळख पुरती करून द्यावी लागते, नाहीतर तिला काढावं लागतं. अर्धवट ठेवलं तर वाचणाऱ्याच्या मनात नको ती शंका येते. ती तिच्या कामाचं बोलत होती आणि बरोबरच बोलत होती.

तो म्हणाला, "तुयी मैत्रीण आता सासरी आहे. तिच्या घरचे वाचतीन. तिलेच त्रास व्हाचा."

हे कारण मला इतकं आवडलं की मी ते लगेच उचललं. तिचं भलं म्हणून तिला काढायचं. मैत्रिणीचं रक्षणही झालं आणि चौकटही नीट बसली. तिला एक फोन करून विचारता आलं असतं. तिचं सासर हिंगणघाट, ते काही परदेशात नाही. पण मी विचारलं नाही, आणि का नाही ते मला तेव्हाही माहीत होतं. ती म्हणाली असती, घाल की, त्यात काय. मग मला केळझर लिहावं लागलं असतं.

केळझरच्या गणपतीला जायची कल्पना माझीच. आम्ही बौद्ध, त्यामुळे आमच्या घरचं, नात्यातलं, वस्तीतलं कोणी त्या देवळात भेटणार नाही, असा माझा हिशेब. स्वतःच्या हुशारीवर इतकी खूश होते मी! माझं कोणी भेटणार नाही, एवढाच विचार केला. त्याचं आणि तिचं सगळं गणगोत तिथेच येणार, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आम्ही पायऱ्यांवर बसलो. एका फुलवाल्याकडे मोबाइल देऊन फोटो काढून घेतला. डावीकडे तो, मध्ये मी, उजवीकडे ती, तिचा हात माझ्या खांद्यावर. मग मी पाण्याची बाटली आणायला खाली नारळाच्या दुकानापर्यंत गेले आणि वळून बघते तो तिचा मामा तिच्यासमोर उभा. तिचा मामा आणि माझे बाबा तेव्हा एकाच ऑफिसात. मामाने त्याच्याकडे बोट करून विचारलं, हा कोण? तिने मला खाली पाहिलं, आणि मान दुसरीकडे वळवली. म्हणाली, माझ्या वर्गातला आहे, माझ्यासोबत आलाय.

माझं नाव निघालं असतं तर दुसऱ्या दिवशी बाबांच्या टेबलावर गेलं असतं. ते तिने गिळलं. मी नारळाच्या दुकानाशी बाटली धरून उभी राहिले, मामा तिला घेऊन उतरेपर्यंत.

त्यानंतर ती कॉलेजात फक्त परीक्षेला आली. वर्षाच्या आत तिचं लग्न झालं. लग्नात मी नाचले, जेवले, रडले. तिला बी.एड. करायचं होतं. ते मी केलं.

तर चौथ्या चौकटीत प्रपोजल हवं होतं. आमच्यात कोणी गुडघ्यावर बसलं नव्हतं. पण त्याच दिवशी परतताना, बसमध्ये, तो म्हणाला होता की आता मागे फिरायचं नाही, नाहीतर तिने जे केलं ते वाया जाईल. मी लिहिलं: 'केळझरच्या पायऱ्यांवर एका दुपारी आम्ही दोघांनी ठरवलं, आता मागे फिरायचं नाही.' छान वाक्य. एकही शब्द जास्तीचा नाही. माझ्या वर्गात मी त्याला पूर्ण गुण दिले असते.

फोटो तोच हवा होता, कारण त्या वर्षातला आमचा दुसरा धड फोटोच नव्हता. बाईने त्यातून मैत्रिणीला कापलं. खांद्यावर हात उरला, हिरव्या बांगड्यांचा. बाई म्हणाली, "काढू का? पाच मिनिटांचं काम." मी म्हटलं, काढा. तिने इतका सफाईने काढला की माझ्या कुर्त्यावरची फुलंसुद्धा पुन्हा जागच्या जागी आली. बघताना माझ्या खांद्याला कसंतरीच झालं. तरी मी बाईला अंगठा पाठवला. फोटो इतका आवडला की बाईने तोच पानाच्या माथ्यावर लावला.

पान सुरू झालं आणि लिंक फिरली. रोहण्याच्या जाऊबाईंचा, म्हणजे होणाऱ्या, निरोप आला की वाचून डोळे भरून आले. शाळेतल्या बायांनी मधल्या सुट्टीत मोठ्याने वाचलं. बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि काही न बोलता भाजी आणायला गेले, म्हणजे त्यांना आवडलं. आई शेवटपर्यंत गेली, मग परत वर आली, मग परत खाली.

"काय शोधून राह्यली?" मी विचारलं.

"तुयी मैत्रीण. थे कुठी आहे यात?"

"ती कशाला असेल? आमची गोष्ट आहे."

"नाई, घरी तं रोज तिचंच नाव घेत होती," आई म्हणाली आणि फोन मला परत दिला.

मी आईवर खेकसले. चोराच्या मनात चांदणं. त्या दिवशी मी घरात सगळ्यांवरच खेकसत होते.

मैत्रिणीला लिंक मीच पाठवली होती, वर बदामांची रांग लावून. तिचा फोन दुसऱ्या दिवशी आला, मी शाळेतून येऊन पाय धूत होते तेव्हा.

"वाचलं वं," ती म्हणाली. "लई मस्त लिहलं. तुयी मराठी पयलेपासूनच चांगली."

"रागावलीस?"

"कायले? तुमची गोष्ट आहे." मग म्हणाली, "एक इचारू? केळझरले मी होती ना वं तिथं?"

मी घाईघाईने तेच कारण पुढे केलं. तुझ्या सासरचे वाचतील, तुला त्रास होईल, म्हणून नाही लिहिलं. ती ऐकून घेत होती. माझं संपल्यावर तिने सांगितलं ते मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

तिच्या मामीच्या तोंडात तीळ भिजत नाही. लग्नानंतर वर्षभरात केळझरची गोष्ट मामीकडून तिच्या सासरी पोचली होती. लग्नाआधी तुमची सून एका पोरासोबत सापडली होती. तिने नवऱ्याला खरं सांगितलं, तो पोरगा माझ्या मैत्रिणीचा. नवरा वाईट नाही. हिंगणघाटला त्याचं कृषी केंद्र आहे, बी-बियाणं, खतं, औषधं. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. फक्त अधूनमधून, काही बिनसलं की, तो विचारायचा, मग मामाला काऊन सांगितलं की माझ्यासोबत आहे?

"मी म्हणे, थांबा. ते दोघं लग्न करतीन, तवा पायजा," ती सांगत होती. "इतके दिवस मी वाटच पाहून राह्यली होती. काल तुयी लिंक आली तं मी आंधी आमच्या यायलेच पाठवली. सासूले पाठवली, नणंदेले पाठवली. मंग मी वाचली."

"काय म्हणाले?"

"काई नाई. जेवताना म्हणे, यात तं तू कुठीच नाई. त्या दोघांच्या संग तू गेलीच नाई. मंग थो पोरगा कोन होता?"

तिने हे हसत सांगितलं. ती सगळंच हसत सांगते. मी ओल्या पायांनी उभी होते आणि मला स्वतःची किळस आली. तिच्या भल्यासाठी म्हणून जे काढलं, तेवढंच एक तिच्या भल्याचं होतं. आणि भलं वगैरे नव्हतंच. केळझर पुरतं लिहिलं असतं तर नारळाच्या दुकानाशी बाटली धरून उभी असलेली मी त्यात दिसले असते. तिला काढलं की मीही लपते, म्हणून तिला काढलं.

त्याच दिवशी मी चौथी चौकट नव्याने लिहिली. या वेळी सारांश केला नाही. 'केळझरला आम्ही तिघं गेलो होतो. तिथे माझ्या मैत्रिणीने माझ्यावर येणारं सगळं स्वतःवर घेतलं. तो मुलगा माझ्यासाठी आला होता, तिच्यासाठी नाही. मी तेव्हा पुढे झाले नाही. ती नसती तर हे लग्न नसतं.' फोटोही मूळचा टाका, असं बाईला कळवलं.

त्याला फोनवर वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "आपल्या घरचे आत्ता कुठी शांत झाले. पुन्हा ढवळाचं का?"

"तुझ्या घरचे शांत आहेत. तिचं घर?"

"टाक," तो म्हणाला. तोही तिचंच देणं लागत होता, आणि हे त्याला कळत नव्हतं असं नाही.

बाईने अर्ध्या तासात सगळं बदललं. किती सोपं होतं! आधी जितकं सोपं होतं तितकंच. पण तिने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली. गोष्ट लोक एकदाच वाचतात. पहिल्या दोन दिवसांत जे वाचायचं ते वाचून झालं, आता जो येईल तो नकाशा बघायला येईल. तुम्ही बदललंय हे कोणाला कळणारसुद्धा नाही, ताई. तिला वाटलं, मला याने बरं वाटेल.

आईला मी स्वतः दाखवलं. तिने वाचलं आणि म्हणाली, "म्हंजे तवा तू लायब्ररीत नव्हती गेलती तं." मग काही वेळाने तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "हिंगणघाटची पत्रिका पोस्टानं नको पाठवजो. तुमी दोघं जा."

तो कपड्यांच्या खरेदीला आला होता त्या रविवारी आम्ही गेलो. जाताना मी मिठाई घेतली, तिच्या मुलीसाठी फ्रॉक घेतला, पत्रिका घेतली. इतकं सामान घेऊन जाणारा माणूस काहीतरी फेडायला चाललाय, हे कोणीही ओळखलं असतं.

तिच्या नवऱ्याने आमचं फार अगत्याने केलं. दुकान सोडून घरी आला, पंखा आमच्याकडे वळवला, माझ्या होणाऱ्या नवऱ्याशी कापसाच्या भावाबद्दल बोलला. रोहण्याची शेती कुठल्या अंगाला, विहिरीला पाणी किती, हे विचारलं. मैत्रीण पोहे करत होती. मला स्वस्थ बसवेना. मीच विषय काढला.

"भाऊजी, केळझरला मीच गेले होते. म्हणजे आम्ही तिघं. हिने माझ्यासाठी खोटं सांगितलं मामांना. मी खाली दुकानाशी उभी होते."

"अवं ताई, जुनं झालं ते," तो म्हणाला. "आमचं काई नाई त्यात."

"नाही, वाचा ना. आम्ही साइटवर लिहिलंय सगळं."

त्याने माझा मोबाइल घेतला आणि चौथी चौकट वाचली. नीट, सावकाश, ओठ हलवत. मग खाली फोटो बघितला, आम्हा तिघांचा, खांद्यावरच्या हातासकट. माझ्या होणाऱ्या नवऱ्याने पुढे वाकून सांगितलं, "भाऊ, म्याच होतो तो." तिचा नवरा मान हलवत होता. मला वाटलं, झालं. खरंच वाटलं.

त्याने माझा मोबाइल मला परत दिला आणि स्वतःचा काढला. बायकोने पाठवलेली लिंक शोधली. आम्ही पान बदललं होतं, पण आधी पाठवलेल्या निरोपात लिंकच्या वर जो छोटा फोटो दिसतो तो तसाच राहतो. तो कोणाला बदलता येत नाही. तिथे मी आणि माझा होणारा नवरा होतो, पायऱ्यांवर, दोघंच. माझा खांदा मोकळा, कुर्त्यावरची फुलं जागच्या जागी.

त्याने दोन्ही मोबाइल शेजारी शेजारी धरले. एकच पायरी, एकच ऊन, आमचं तेच हसू.

"यातला खरा कोनता, ताई?"

"हा. तिघांचा."

"नाई, मी म्हणून नाई राह्यलो खोटा आहे म्हणून," तो हसत म्हणाला, अगदी सोज्वळपणे, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावं तसा. "पण आजकाल फोटो कसाई बनवता येते. मानूस काढता येते, तं टाकताई येत असन."

येतं, हे मला माहीत होतं. पाच मिनिटांचं काम. मीच अंगठा पाठवला होता.

ती पोहे घेऊन आली ती तेवढ्यात. तिने सगळं ऐकलं होतं, स्वयंपाकघर काही लांब नव्हतं. तिने बशा वाटल्या, माझ्या बशीत लिंबाची फोड जास्त ठेवली, कॉलेजपासूनची सवय. तिच्या मुलीने फ्रॉक अंगावर धरून पाहिला आणि सगळ्यांनी छान म्हटलं.

निघताना ती फाटकापर्यंत आली. माझा होणारा नवरा गाडी वळवत होता. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, चुकलं माझं. फार चुकलं. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, तिथेच.

"येईन ना मी लग्नाले," ती म्हणाली. "हेई येतीन. पण मले फोटोत नको बलावजो."